फाइल प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात अडकल्यास बाहेरगावच्या अर्जदाराने काय करावे : पुण्याची फुकट जाणारी खेप टाळण्यासाठी

सोलापूर, सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील अर्जदारांकडून एक तक्रार मी गेली काही वर्षे सातत्याने ऐकतो आहे. पासपोर्टसाठी पुण्याला जाऊन आलो, प्रवासाचे आणि मुक्कामाचे पैसे गेले, कामाचा एक दिवस बुडाला, आणि काम मात्र झाले नाही. अशा प्रत्येक अर्जदाराची कागदपत्रे मी तपासून पाहिली, तेव्हा बहुतेक वेळा कागद अपुरे नव्हते असे दिसले. अर्जदार चुकीच्या इमारतीत गेला होता, किंवा योग्य इमारतीत वेळ न ठरवता गेला होता. काही जण वेळ ठरवून गेले, पण कार्यालयाच्या पत्रात विचारलेल्या मुद्द्याला उत्तर देणारा कागद त्यांच्याजवळ नव्हता. हे तिन्ही दोष घरातून निघण्यापूर्वीच दूर करता येतात, आणि म्हणून ते कसे ओळखावेत ते येथे सविस्तर लिहीत आहे.

फाइल नेमकी कुठे आहे, हे आधी पाहावे

बोलण्यात आपण सगळ्यांनाच ‘पासपोर्ट ऑफिस’ म्हणतो, आणि गोंधळाचे मूळ याच शब्दात आहे. प्रत्यक्षात ही दोन निरनिराळी ठिकाणे आहेत आणि त्यांची कामेही निराळी आहेत. पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदार प्रत्यक्ष हजर राहतो. तेथे ‘अ’ खिडकीवर कागद स्कॅन होतात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, ‘ब’ खिडकीवर अधिकारी कागदांची पडताळणी करतात आणि ‘क’ खिडकीवर अर्ज मंजूर करावा की रोखून ठेवावा याचा निर्णय होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी टपाल कार्यालयांत जी पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली आहेत, तीही अर्ज स्वीकारण्यासाठीच आहेत. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय हे या केंद्रांच्या वरचे कार्यालय आहे. पोलिस पडताळणीचा अहवाल तेथे येतो, शंका असलेल्या फाइलींवर तेथे निर्णय होतो, अर्जदाराला खुलासा मागणारे पत्र तेथून निघते, आणि पत्ता न सापडल्यामुळे टपालातून परत आलेला पासपोर्टही तेथेच पोहोचतो.

पुण्यात ही दोन ठिकाणे शहराच्या दोन टोकांना आहेत. पासपोर्ट सेवा केंद्र पूर्वेकडे मुंढव्याच्या बाजूला आहे, तर प्रादेशिक कार्यालय पश्चिमेकडे बाणेर-पाषाण लिंक रस्त्यावरील पासपोर्ट भवनात आहे. दोन्हींमधले अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे आणि ते संपूर्ण शहर ओलांडून कापावे लागते. मुंबईतही असाच प्रकार होतो. तेथील प्रादेशिक कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे, आणि सेवा केंद्रे मालाड, अंधेरी, लोअर परळ आणि ठाणे येथे आहेत. नाशिककडचा अर्जदार ‘मुंबईला बोलावले आहे’ एवढेच ऐकून निघाला, तर त्याचाही दिवस लोकलमध्ये जातो.

आपली फाइल कोणाकडे आहे हे दोन ठिकाणी कळते. सेवा केंद्रातून बाहेर पडताना जे पोचपत्र मिळते, त्यावर फाइल क्रमांक छापलेला असतो आणि अर्ज मंजूर झाला की रोखून ठेवला, हेही तेथे लिहिलेले असते. रोखून ठेवला असल्यास कारण दिलेले असते. एखादा कागद कमी असल्यामुळे सेवा केंद्रातच अर्ज थांबला असेल, तर तो कागद घेऊन त्याच केंद्रात परत जायचे असते, पुण्याला किंवा मुंबईला जाण्याचे कारण नसते. सोलापूरच्या केंद्रात थांबलेल्या अर्जासाठी लोक थेट बाणेरला आल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या सर्वांच्या खिशातल्या पोचपत्रावर पुढे काय करायचे ते स्पष्ट छापलेले होते.

दुसरे ठिकाण म्हणजे passportindia.gov.in हे संकेतस्थळ. तेथे `Track Application Status` या ठिकाणी फाइल क्रमांक आणि जन्मतारीख दिली की अर्जाची सध्याची स्थिती दिसते. येथे एक चूक वारंवार होते. अर्ज ऑनलाइन भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक आणि केंद्रात गेल्यावर मिळणारा फाइल क्रमांक हे वेगळे आहेत. फाइल क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्याची सुरुवात इंग्रजी अक्षरांनी होते. चौकशीच्या प्रत्येक टप्प्यावर तोच विचारला जातो. स्थितीमध्ये पोलिस अहवाल प्रतिकूल किंवा अपूर्ण असल्याचे, प्रादेशिक कार्यालयात तपासणी सुरू असल्याचे, किंवा अर्जदाराला पत्र पाठवल्याचे लिहिलेले असेल, तरच प्रादेशिक कार्यालयाचा रस्ता धरावा. पोलिस पडताळणी अजून पूर्णच झालेली नसेल, तर अहवाल वरच्या कार्यालयात पोहोचलेला नसतो आणि तेथे जाऊन काहीही साध्य होत नाही. अशा वेळी आपल्या पोलिस ठाण्यात चौकशी करणे हाच योग्य मार्ग आहे.

एका अर्जाची हकिकत

सांगोला तालुक्यातील एका तरुणाच्या अर्जात हे सगळे टप्पे आले, म्हणून तोच येथे देतो. त्याने सोलापूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज दिला होता. कागद पूर्ण होते, तिन्ही खिडक्यांवरून तो एका तासात बाहेर पडला आणि पुढचे काम पोलिस पडताळणीचे आहे असे त्याला सांगण्यात आले. त्यानंतर आठवड्याभरातच तो कंपनीच्या प्रशिक्षणासाठी एक महिना मुंबईला गेला. त्याच काळात पोलिस कर्मचारी घरी येऊन गेले. घरात वृद्ध आजी होत्या. मुलगा मुंबईला असतो, एवढेच त्यांनी सांगितले. अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक त्याने मधल्या काळात बंद केला होता, त्यामुळे फोनही लागला नाही. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा अहवाल गेला. अहवाल लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती, कारण त्याला जे दिसले आणि ऐकायला मिळाले तेच त्याने लिहिले.

दीड महिन्याने टपालाने पत्र आले. दिलेल्या पत्त्यावर आपण आढळला नाहीत, तरी खुलासा करावा, असा त्याचा आशय होता. घरच्यांनी ‘पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसला जाऊन ये’ असे सांगितले. तो रात्रीच्या एसटीने निघाला, पहाटे हडपसरला उतरला, मोबाइलच्या नकाशावर सर्वांत जवळ दिसलेले मुंढव्याचे केंद्र गाठले आणि तेथे रांगेत उभा राहिला. त्याची फाइल बाणेरच्या कार्यालयात आहे, हे प्रवेशद्वारावरच त्याला सांगितले गेले. तेथून तो दीड तास प्रवास करून बाणेरला पोहोचला, परंतु चौकशीसाठी त्याने वेळ घेतलेली नव्हती. संध्याकाळच्या गाडीने तो परत आला. त्यानंतर तो पत्र घेऊन माझ्याकडे आला आणि दुसरी खेप आम्ही पुढे लिहिल्याप्रमाणे आखली.

चौकशीची वेळ वेगळी घ्यावी लागते

बहुतेकांना सेवा केंद्राची वेळ घेणे माहीत असते. अर्ज भरायचा, शुल्क भरायचे, दिवस निवडायचा. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टसाठी प्रौढ अर्जदाराला १५०० रुपये, साठ पानांसाठी २००० रुपये, आणि तत्काळ सेवेसाठी त्यावर आणखी २००० रुपये असे हे शुल्क आहे. ते वेळ घेतानाच भरले जाते. प्रादेशिक कार्यालयातील चौकशीची वेळ मात्र याहून वेगळी असते. ती आधीच दाखल झालेल्या फाइलीसाठी त्याच संकेतस्थळावरून घेतली जाते, आणि त्यासाठी फाइल क्रमांक व जन्मतारीख लागते. त्यासाठी नवा अर्ज भरायचा नाही आणि पुन्हा १५०० रुपयेही भरायचे नाहीत. गावातील काही संगणक केंद्रांवर या फरकाची माहिती नसल्यामुळे, किंवा काही ठिकाणी ती असूनही, अर्जदाराकडून पूर्ण नवा अर्ज भरून घेतला जातो. एकाच व्यक्तीचे दोन अर्ज यंत्रणेत दिसू लागले की अडचण सुटण्याऐवजी वाढते, कारण पहिल्या फाइलीचा निकाल लागल्याशिवाय दुसरी पुढे सरकत नाही. म्हणून कोणी शुल्क मागितले, तर ते कशाचे आहे हे विचारल्याशिवाय देऊ नये.

वेळ निश्चित झाल्यावर मिळणारी पावती छापून घ्यावी. तिच्यावर कार्यालयाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ असते. नकाशावर शोधलेल्या किंवा ऐकीव पत्त्यावर न जाता याच पावतीवरच्या पत्त्यावर जावे, कारण कार्यालये वेळोवेळी जागा बदलतात आणि जुने पत्ते लोकांच्या बोलण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात. काही शंका राहिली, तर १८००-२५८-१८०० हा पासपोर्ट सेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे फाइल क्रमांक सांगून कोणत्या कार्यालयात जायचे एवढे तरी निश्चित करून घेता येते.

वाराबद्दल एक सूचना करतो. ही केंद्र सरकारची कार्यालये आहेत, त्यामुळे शनिवारी आणि रविवारी प्रादेशिक कार्यालय बंद असते, आणि सुट्ट्यांची यादी राज्य सरकारच्या यादीशी तंतोतंत जुळत नाही. गावात शाळा-कचेऱ्या बंद आहेत म्हणून तेथेही सुट्टी असेल, किंवा येथे चालू आहे म्हणून तेथेही चालू असेल, असे धरून चालू नये. बाहेरगावच्या माणसाने शक्य असल्यास मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा असा माझा आग्रह असतो. सोमवारची वेळ घेतली आणि एखादा कागद राहिला, तर तो रविवारी कोठेच मिळत नाही. शुक्रवारी गेल्यास आणि अधिकाऱ्यांनी आणखी एखादा कागद मागितल्यास, मध्ये दोन दिवस जातात आणि मुक्काम वाढवायचा की परत यायचे, असा प्रश्न उभा राहतो.

कागद : पत्रात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

पासपोर्टच्या कागदांच्या याद्या सर्वत्र मिळतात आणि लोक त्या यादीतले सगळे कागद पिशवीत भरून आणतात. सेवा केंद्रात पहिल्यांदा जाताना ते ठीक आहे. प्रादेशिक कार्यालयात जाताना मात्र प्रश्न एकच असतो आणि त्या एका प्रश्नाचे उत्तर कागदांतून मिळावे लागते. आमच्या या तरुणाकडे जन्माचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि पॅन कार्ड होते, परंतु त्यांबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती तो त्या घरात राहतो की नाही, एवढ्याचीच.

म्हणून आम्ही कागद दोन भागांत लावले. पहिल्या भागात त्याचे स्वतःच्या नावाचे पत्त्याचे पुरावे होते. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, आणि राष्ट्रीयीकृत बँकेतील, व्यवहार सुरू असलेल्या खात्याचे छायाचित्रासह पासबुक. यांतले पासबुक सर्वांत उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे, कारण त्याच्या नोंदींमध्ये गावातल्या शाखेतून केलेले व्यवहार महिन्यामहिन्याने दिसतात आणि माणूस तेथे वावरतो हे त्यातून समजते. मात्र ते अद्ययावत करून न्यावे. वर्षापूर्वीच्या शेवटच्या नोंदीवर थांबलेले पासबुक उलटाच प्रश्न निर्माण करते. घरचे वीजबिल वडिलांच्या नावावर होते. ते आम्ही जोडले, पण त्यावर भिस्त ठेवली नाही, कारण त्यातून घर कोणाचे हे कळते, अर्जदार तेथे राहतो हे कळत नाही. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखलाही आम्ही घेतला. तो पत्त्याच्या मान्य पुराव्यांच्या यादीतला कागद नाही, त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर जाणे चूक ठरले असते, परंतु इतर पुराव्यांबरोबर पूरक म्हणून तो ठेवायला हरकत नव्हती.

दुसऱ्या भागात अनुपस्थितीचे स्पष्टीकरण होते. प्रशिक्षणाची तारीख दाखवणारे कंपनीचे पत्र, आणि साध्या कागदावर स्वतःच्या सहीने लिहिलेला खुलासा. खुलाशात आम्ही चारच गोष्टी लिहिल्या. फाइल क्रमांक आणि पत्राचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो गावाबाहेर होता आणि कशासाठी, सध्या तो दिलेल्या पत्त्यावरच राहतो आणि पुन्हा पडताळणी करावी अशी विनंती, आणि चालू असलेला नवा मोबाइल क्रमांक. हे सारे एका पानात बसते. लांबलचक विनवण्या, आपल्याला नोकरीची किती गरज आहे याचे वर्णन, किंवा पोलिसांबद्दल तक्रार यांनी खुलासा कमकुवत होतो, कारण अधिकाऱ्याला त्यातून निर्णयाचा आधार शोधावा लागतो. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून नेण्याची काही गरज नव्हती. पासपोर्टच्या अर्जासोबतची जोडपत्रे साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून देता येतात, हा बदल डिसेंबर २०१६ मध्येच झाला आहे. तरीही नोटरीच्या दुकानात पाच-सातशे रुपये घालवून लोक येतात, हे पाहून वाईट वाटते.

प्रत्येक कागदाचे मूळ आणि स्वतः सही केलेली झेरॉक्स प्रत, शिवाय एक जादा संच, असे सोबत असावे. आलेले पत्र आणि सेवा केंद्राचे पोचपत्र यांच्याही प्रती काढाव्यात. खुलासा दिल्यावर त्याच्या आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. हा सारा मार्ग अर्जदार खरोखरच त्या पत्त्यावर राहत असेल तर उपयोगाचा आहे. पुण्यात दोन-तीन वर्षे नोकरी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा केवळ आधार कार्डावर गावचा पत्ता आहे म्हणून अर्जात तोच ‘सध्याचा पत्ता’ म्हणून देतो, तेव्हा पोलिसांचा प्रतिकूल अहवाल खरा असतो. त्याने गावात राहतो असा खुलासा देणे म्हणजे खोटी माहिती देणे होय, आणि माहिती दडवून पासपोर्ट मागणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली अपराध आहे. अशा अर्जदाराने चूक मान्य करावी आणि राहत्या जागेचा नोंदणीकृत भाडेकरार किंवा त्या पत्त्याचे पासबुक घेऊन जावे. पत्ता दुरुस्त करून पडताळणी पुन्हा पाठवायची की अर्ज बंद करून नवा करायला सांगायचे, हे अधिकारी प्रकरण पाहून ठरवतात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र जोडून शिक्षणाच्या ठिकाणच्या पत्त्यावर अर्ज करता येतो, आणि सुरुवातीलाच तसे केले तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

पोहोचण्याची वेळ आणि मुक्काम

पावतीवर जी वेळ असेल तिच्या पंधरा-वीस मिनिटे आधी दारात असणे पुरेसे असते. त्याहून खूप आधी जाऊन फायदा होत नाही, कारण आत वेळेप्रमाणेच सोडतात. उशीर झाला तर मात्र पुढची वेळ घ्यायला सांगितले जाण्याची शक्यता असते. बाहेरगावच्या माणसाचा हिशेब या ठिकाणी चुकतो. सोलापूरहून सकाळी निघणारी हुतात्मा एक्सप्रेस साडेदहाच्या सुमारास पुणे स्थानकावर येते. स्थानकापासून बाणेरला जायला सकाळच्या रहदारीत एक तास धरावा लागतो. म्हणजे बारानंतरची वेळ असेल तरच त्या गाडीचा विचार करावा, आणि तोही गाडीला उशीर होणार नाही या भरवशावर. दहा किंवा अकराची वेळ असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पुण्यात पोहोचणे हाच सुरक्षित मार्ग आहे. रात्रभर बसमध्ये बसून, झोप न झालेल्या अवस्थेत अधिकाऱ्यासमोर तारखा सांगताना माणूस गोंधळतो, हेही मी पाहिले आहे.

मुक्काम कोठे करावा हे आपण कोणत्या दिशेने येतो त्यावर ठरवावे. सोलापूरकडून येणाऱ्या एसटी हडपसरमार्गे स्वारगेटला जातात. मुंढव्याच्या सेवा केंद्रात काम असेल तर हडपसरच्या आसपास उतरून राहणे सोयीचे आहे, परंतु बाणेरला जायचे असेल तर तेथे राहिल्यास सकाळी संपूर्ण शहर ओलांडावे लागते. अशा वेळी शिवाजीनगर परिसर मला सर्वांत योग्य वाटतो. तेथे साधे लॉज आहेत, खाण्याची सोय आहे, रेल्वेस्थानक आणि मेट्रोचे स्थानक जवळ आहे, आणि बाणेर रस्त्याकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बस व रिक्षा सहज मिळतात. स्वारगेटला उतरणाऱ्याने तेथून मेट्रोने शिवाजीनगरला यावे, म्हणजे टिळक रस्त्याची आणि डेक्कनची गर्दी टाळता येते. प्रत्यक्ष बाणेर आणि बालेवाडीतही हॉटेले पुष्कळ आहेत, पण ती मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांसाठी असल्यामुळे भाडे जास्त असते. सोबत वृद्ध आई-वडील असतील किंवा सकाळची पहिलीच वेळ असेल, तर तो जादा खर्च करावा असे मी म्हणेन.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून येणाऱ्यांना एक सोय आहे जी पुष्कळांना सुचत नाही. मुंबईकडे जाणाऱ्या खासगी बस शहरात न शिरता बाह्यवळण रस्त्याने चांदणी चौकावरून पुढे जातात. स्वारगेटपर्यंत जाऊन परत पश्चिमेला येण्याऐवजी चांदणी चौकात किंवा त्यापुढे बाणेरच्या बाजूला उतरले, तर तेथून कार्यालय काही किलोमीटरवरच राहते. तिकीट काढतानाच चालकाला किंवा कंपनीच्या माणसाला थांब्याबद्दल विचारून ठेवावे.

रेल्वेने येणाऱ्याला पुणे स्थानकावरील विश्रांतिकक्ष हाही एक पर्याय आहे. निश्चित तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर तो आगाऊ नोंदवता येतो आणि एकट्या माणसाला तो परवडतो. खोली कोठेही घेतली तरी दोन गोष्टी आधी विचाराव्यात. पहिली, खोली सोडण्याची वेळ. काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, तर बऱ्याच ठिकाणी दुपारी बाराला खोली रिकामी करावी लागते. अकराच्या वेळेसाठी गेलेला माणूस बारापर्यंत परत येत नाही. म्हणून सकाळी निघतानाच खोली सोडावी आणि सामान ठेवून घेतील का, ते विचारावे. मोठी पिशवी घेऊन कार्यालयात जाणे टाळावे. सुरक्षातपासणीत वेळ जातो आणि आत ती ठेवायला जागा नसते. दुसरी गोष्ट, लॉजवाले ओळखपत्र मागतात, तेव्हा त्यांना आधारची प्रत द्यावी. मूळ कागद दाखवून लगेच परत घ्यावेत. मूळ मतदार ओळखपत्र लॉजच्या टेबलावर राहिले आणि कार्यालयात गेल्यावर लक्षात आले, असा प्रसंग एका अर्जदारावर आला होता.

सोबत कोणाला न्यावे, हाही प्रश्न असतो. अर्जदार प्रौढ आणि धडधाकट असेल तर सोबतच्या माणसाला बहुधा बाहेरच थांबावे लागते. अज्ञान मूल, वृद्ध किंवा अपंग अर्जदार असेल तर सोबत एक माणूस जाऊ शकतो. कुटुंबातील चार जणांनी मिळून जाण्यात मुक्कामाचा खर्च चौपट होण्यापलीकडे काही हाती येत नाही.

परत आल्यानंतर

आमच्या तरुणाने बुधवारी साडेअकराची वेळ घेतली होती. मंगळवारी संध्याकाळी तो शिवाजीनगरला उतरला, सकाळी सव्वाअकराला बाणेरला होता, आणि एक वाजण्यापूर्वी बाहेर आला. अधिकाऱ्यांनी पासबुकाच्या नोंदी आणि प्रशिक्षणाचे पत्र पाहिले, खुलासा ठेवून घेतला आणि फेरपडताळणी पाठवत असल्याचे सांगितले. पासपोर्ट हातात मिळेल या अपेक्षेने कोणी जाऊ नये. तो छापून झाल्यावर स्पीड पोस्टानेच अर्जातील पत्त्यावर येतो.

पुण्याचे काम झाले की अर्जदार निर्धास्त होतो आणि दुसरी चूक येथे होते. फेरपडताळणीचा कागद पुन्हा त्याच पोलिस ठाण्यात जातो. त्या काळात माणूस घरी नसेल तर दुसरा अहवालही पहिल्यासारखाच जातो, आणि मग खुलाशावर विश्वास बसणे फार कठीण होते. त्या तरुणाला आम्ही तीन आठवडे गावातच राहायला सांगितले. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तो स्वतः ठाण्यात गेला, पासपोर्टचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला फाइल क्रमांक आणि नवा मोबाइल क्रमांक देऊन आला. घरातल्या सर्वांना, विशेषतः आजींना, कोणी विचारल्यास काय खरे आहे ते सांगून ठेवले. दोन शेजाऱ्यांनाही कल्पना दिली, कारण पडताळणीच्या वेळी त्यांच्याकडे विचारणा होऊ शकते. गावच्या पोस्टमनलाही त्याने आपले नाव आणि घर ओळखीचे करून दिले, कारण वाडीवस्तीच्या पत्त्यावर टपाल चुकणे नवे नाही, आणि पासपोर्ट परत गेला तर तो बाणेरलाच जाऊन बसतो.

बाराव्या दिवशी कर्मचारी घरी आले. त्यानंतर संकेतस्थळावरची स्थिती बदलली, अहवाल अनुकूल असल्याचे दिसले, आणि पुढच्या आठवड्यात स्पीड पोस्टाचा लखोटा घरी आला.